ठिणगी जिथे, उपाय तिथे

ब्रश असलेल्या डीसी मोटरमध्ये ब्रश हे कम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या दांड्यावरील तांब्याच्या विलग पट्ट्यांच्या कड्यावर, घासत राहून वेटोळ्यांना वीज पोहोचवतात. ब्रश एक पट्टी सोडून दुसरीवर सरकतो, तेव्हा वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तुटू पाहतो, वेटोळे त्याला विरोध करते आणि त्यातून उसळलेल्या विद्युत्दाबाने ठिणगी पडते. ठिणगीतून निघणारा उच्च वारंवारतेचा गोंगाट मोटरच्या तारांत शिरतो आणि त्या तारा अँटेनाचे काम करू लागतात.

दोन पिवळ्या गिअर मोटर, चार एए सेल आणि अर्दुइनो उनो यांवर चालणाऱ्या छोट्या रोबोचे उदाहरण घेतल्यास, मोटर सुरू होताच बोर्ड रीसेट होण्यामागे ठिणगीच असते असे नाही. प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध 0.2 ओहम आणि थांबलेल्या दोन्ही मोटरना सुरुवातीस लागणारा प्रवाह 2 अँपिअर मानला, तर सेलमध्येच 1.6 व्होल्ट खर्ची पडतात. सेल थकले की ही घट वाढते आणि दाब सुमारे 2.7 व्होल्टच्या खाली गेला की उनोवरील चिप स्वतःच रीसेट होते. यालाच ब्राउन-आउट म्हणतात.

म्हणून आधी निदान करावे. ग्राउंड सामाईक ठेवून बोर्डाला वेगळी बॅटरी द्यावी. रीसेट थांबले, तर दोष बहुधा दाब खचण्याचा असतो आणि वेगळा पुरवठा कायम ठेवणे किंवा पीडब्ल्यूएमने मोटरचा वेग हळूहळू चढवणे हा त्यावरचा उपाय होय. तरीही रीसेट चालूच राहिले, किंवा मोटर फिरताना सेन्सरचे आकडे उड्या मारू लागले, तर संशय गोंगाटावर घ्यावा.

गोंगाट मोटरच्या अंगाशीच अडवावा लागतो. ‘104’ अशी खूण असलेला 100 नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर दोन टोकांमध्ये जोडावा. मोटरचे कवच धातूचे असल्यास ते कानशीने घासून प्रत्येक टोकापासून कवचापर्यंत आणखी एकेक जोडावा. पाय जितके आखूड तितके चांगले, कारण लांब पाय स्वतःच इंडक्टन्स वाढवून कपॅसिटरचा उपयोग कमी करतो. मोटरच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून सेन्सरच्या तारांपासून दूर न्याव्यात. कपॅसिटर मोठा घेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण पीडब्ल्यूएमच्या प्रत्येक ठोक्याला तो ड्रायव्हरकडून प्रवाहाचा झटका खेचतो; आणि दिशा बदलणाऱ्या मोटरच्या टोकांवर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तर कधीच लावू नये, कारण उलट ध्रुवता त्याला सोसत नाही.

सेन्सरच्या अनेक नोंदींतून मधली निवडणारा प्रोग्राम तुरळक चुकीचे आकडे गाळू शकतो, परंतु रीसेट झालेल्या चिपमध्ये तो प्रोग्रामच चालू नसतो. म्हणून सॉल्डरिंग आधी आणि कोड नंतर, हाच क्रम योग्य ठरतो.