काट्यावरचे आकडे आणि पडद्यावरचे आकडे

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकड्याला साखर कारखाना आहे, आणि अशा कुठल्याही कारखान्यात गाळप हंगामात वजनकाट्यावर रात्रंदिवस पावत्या तयार होत असतात. भरलेल्या गाडीचे वजन आधी नोंदले जाते, गव्हाणीजवळ गाडी रिकामी झाली की रिकाम्या गाडीचे वजन होते, आणि या दोहोंच्या वजाबाकीतून उसाचे निव्वळ वजन निघते. मुख्य शेतकी अधिकाऱ्याला सकाळी हवा असतो तो या पावत्यांचा गटवार गोषवारा. कारण कोणत्या गटाची तोड वाढवायची हे त्यावर ठरते, आणि तो आकडा कालचा असला तर कारखाना ‘नो केन’ म्हणून थांबण्याची वेळ येऊ शकते.

हंगाम सरकतो तशी पावत्यांची संख्या वाढते आणि डॅशबोर्ड उघडताच दर वेळी सर्व पावत्यांची बेरीज करणे जड जाऊ लागते. तेव्हा बेरजेचा निकाल मटेरियलाइज्ड व्ह्यूत ठेवला जातो. साधा व्ह्यू म्हणजे नाव दिलेली क्वेरी, जी विचारताक्षणी नव्याने चालते. मटेरियलाइज्ड व्ह्यूत मात्र निकालाच्या ओळी प्रत्यक्ष साठवलेल्या असतात, आणि मूळ टेबलात नवी पावती आली तरी त्या आपोआप बदलत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये ही सोय 2013 च्या 9.3 आवृत्तीपासून आहे. निकाल ताजा करण्याचे काम मध्यरात्री लावून ठेवले असेल, तर सकाळी अकरा वाजता पडद्यावर दिसते ती कालची आवक. म्हणून डॅशबोर्डची क्वेरी चालण्याआधी व्ह्यू रिफ्रेश करावा, असा विचार स्वाभाविकपणे पुढे येतो.

या विचारात पहिली अडचण कुलपाची आहे. साध्या रिफ्रेशच्या काळात व्ह्यू पूर्ण बंद राहतो आणि वाचणाऱ्यालाही थांबावे लागते. 2014 च्या 9.4 आवृत्तीत आलेल्या दुसऱ्या प्रकारात नवा निकाल बाजूला तयार होतो, जुन्याशी ताडला जातो आणि बदललेल्या ओळींपुरताच फेरफार होतो, त्यामुळे वाचन चालू राहते. मात्र प्रत्येक ओळ निःसंदिग्धपणे ओळखता यावी यासाठी व्ह्यूवर युनिक इंडेक्स असणे बंधनकारक आहे.

```sql
CREATE UNIQUE INDEX ON gatvar_us (divas, gat_id);
REFRESH MATERIALIZED VIEW CONCURRENTLY gatvar_us;
```

येथे फेरफार थोडा झाला तरी बेरीज मात्र पहिल्यापासून पुन्हा होते, हे विसरता कामा नये. शिवाय एका व्ह्यूवर एका वेळी एकच रिफ्रेश चालतो. म्हणून रिफ्रेशला चाळीस सेकंद लागतात आणि दहा जणांनी एकदम डॅशबोर्ड उघडला असे मानले, तर शेवटच्याला सहा मिनिटांहून अधिक थांबावे लागेल. यावर उपाय असा की शेवटच्या यशस्वी रिफ्रेशची वेळ एका लहान टेबलात नोंदवावी आणि ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा, उदाहरणार्थ पंधरा मिनिटांपेक्षा, जुनी असेल तरच रिफ्रेश करावा. ती वेळ व्ह्यूच्याच स्तंभात `now()` ने ठेवण्याचा मोह टाळावा, कारण मग प्रत्येक रिफ्रेशला सगळ्याच ओळी बदललेल्या ठरतात आणि ताडून पाहण्याचा फायदा उरत नाही. त्या वेळेशेजारी शेवटच्या पावतीची वेळही पडद्यावर दाखवावी. रिफ्रेश आताचा आणि पावती तीन तासांपूर्वीची असेल, तर दोष व्ह्यूचा नसून काट्यापासून सर्व्हरपर्यंतच्या जोडणीत तो शोधावा लागतो.

रिफ्रेश करूनही आकडा मागे राहत असेल, तर त्याच दिवसाची बेरीज मूळ टेबलातून थेट, व्ह्यूतील तारखेची व्याख्या न वापरता, करून पाहावी. ती आणि व्ह्यूतील बेरीज यांत फरक दिसला, तर संशय तारखेवर घ्यावा. सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर भारतातील मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतील पावत्या आदल्या दिवशी जमा होतात, आणि रात्रपाळीत काटा चालूच असल्याने ही तूट लहान नसते. त्यासाठी व्ह्यूच्या व्याख्येतच प्रमाणवेळ स्पष्ट लिहावी लागते:

```sql
(rikami_vel AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date AS divas
```

या ओळीत आणखी एक निर्णय दडलेला आहे. मध्यरात्रीपूर्वी भरलेली वजन होऊन मध्यरात्रीनंतर रिकामी झालेली गाडी येथे दुसऱ्या दिवसात धरली जाते, आणि कारखान्याचा हिशेबाचा दिवस पहाटे किंवा सकाळी सुरू होत असेल, तर ही ओळसुद्धा अपुरी पडते. दिवस कुठे संपतो हे शेतकी खात्याने आधी ठरवून दिलेले नसेल, तर मिनिटामिनिटाला केलेला रिफ्रेशही चुकीची बेरीजच वेळेवर पोचवतो.