दादीचा आवाज

मागच्या रमजान ईदला मुलगा नागपूरहून घरी आला होता. शीरखुर्मा झाल्यावर नात माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारलं, "दादा, दादी बोलायची कशी?"

ती दहा वर्षांची आहे. तिची दादी ती जन्मायच्या आधीच, 2014 साली अल्लाहला प्यारी झाली. दादीचे फोटो तिनं पाहिले आहेत. दादीच्या हातचं लोणचं कसं असायचं, हेही तिला ऐकून ठाऊक आहे. पण आवाज? मी मुलाकडे पाहिलं, मुलानं माझ्याकडे. ज्या माणसानं सतरा वर्षं चंद्रपूर-गडचिरोलीतली लग्नं शूट केली, त्याच्या घरात स्वतःच्या बायकोचा आवाज कुठं आहे हे कुणालाच सांगता येईना.

खरं म्हणजे तो होता. मीच तो पुसत आलो होतो.

झालं असं, की 1992 साली मी खांद्यावर घ्यायचा व्हीएचएस कॅमेरा घेतला. तेव्हा मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, पार आलापल्लीपर्यंत व्हिडिओवाले मोजकेच होते. आपल्या घरांतली लग्नं आली की एक अडचण हमखास यायची. निकाह बाहेर मर्दांत व्हायचा, तो मी घ्यायचो. पण आत जनान्यात, हळदीला, मेहंदीला, मुंहदिखाईला परका पुरुष कॅमेरा घेऊन शिरणार कसा? दोन कामं हातची गेल्यावर मी बायकोला कॅमेरा शिकवला. रेकॉर्डचं बटण, झूम, आणि सुरुवातीला पांढऱ्या कापडावर रंग जुळवून घेणं. तिनं पांढरं कापड म्हणून माझाच रुमाल वापरला. पुढं आमची ख्याती झाली. "ते जोडपं बोलवा, आतलं शूटिंग बाई करते," असं लोक सांगायचे. वडशाचे तांदळाचे व्यापारी असोत की आलापल्लीचे सागाचे ठेकेदार, जनान्याचं शूटिंग तिचं.

ती कधीच चित्रात नसायची, कारण कॅमेऱ्यामागं ती होती. आवाज मात्र कॅसेटवर उतरायचा. "दुल्हन के हाथ जरा ऊपर करो", "अजी आपा, सामने से हटो ना" असं तिचं सारखं चालायचं. एडिटिंगला बसलो की मी हा आवाज काढून टाकायचो आणि त्यावर फिल्मी गाणी टाकायचो. गिऱ्हाइकाला गाणी हवी असायची. कॅमेरेवालीची बडबड कुणाला हवी होती?

म्हणजे गिऱ्हाइकांच्या घरी गेलेल्या कॅसेटींत ती नाहीच. उरल्या असल्या तर मूळ कॅसेटी. पण कॅसेट महाग पडायची, म्हणून एका लग्नाची मूळ कॅसेट आम्ही पुसून दुसऱ्या लग्नाला वापरायचो. कॅमेऱ्यानं नवं लिहिताना जुनं पुसलं जातं, आणि पुसलेलं काही केल्या परत येत नाही. फक्त एक गोष्ट वाचते. आधीचं लग्न अडीच तासांचं असेल आणि त्यावर घेतलेलं दीड तासाचं, तर शेवटचा तास जुनाच राहतो. नवं लग्न संपतं, पडद्यावर क्षणभर बर्फ पडल्यासारखे ठिपके येतात आणि मागचं लग्न मधूनच सुरू होतं. या शेपटांत ती सापडेल, एवढीच आशा होती.

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक्केचाळीस कॅसेटी निघाल्या. आमचं घर पठाणपुऱ्याकडे, कवेलूचं. पावसाळ्यात माळ्यावर ओल येतेच. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर सात कॅसेटींच्या फिरकीवर पांढरी पूड दिसली. ती धूळ नसते, बुरशी असते. अशी कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही चिकटते. टेप चिकटून फाटते ते वेगळंच. म्हणून ज्यांच्या घरी आईबापांच्या लग्नाची कॅसेट आहे त्यांना मी सांगतो, आधी उजेडात धरून खिडकीतून पाहा, "चालते का बघू" म्हणून लगेच लावू नका.

व्हीसीआर मिळवणं हे वेगळंच प्रकरण झालं. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई. तिनंही 2016 साली काम बंद केलं. मी भंगारवाल्याकडून दोन उचलले. एक चांगल्या कॅसेटींसाठी, एक बुरशीच्या. बुरशीचं काम मी वैशाखात केलं. आमच्याकडचा उन्हाळा माणसाला भाजून काढतो, पण हवा कोरडी ठेवतो, आणि या कामाला तीच लागते. तोंडाला रुमाल बांधून व्हरांड्यात बसायचो. कॅसेटच्या पाठीचे पाच स्क्रू काढायचे, दोन्ही फिरक्या उचलून दुसऱ्या स्वच्छ खोक्यात बसवायच्या, आणि टेप हातानं हळूहळू फिरवत मऊ, धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडातून काढायची. एका कॅसेटीला अख्खी दुपार जायची. मग ती एकदाच चालवायची आणि त्याच वेळी लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. इथं घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात.

चित्र बरं आलं. आवाजानं मात्र धोका दिला. साध्या व्हीएचएसमध्ये चित्र टेपच्या मधल्या रुंद भागावर असतं आणि आवाज वरच्या कडेला, जेमतेम एक मिलिमीटरच्या पट्टीवर. बुरशी आधी कडेलाच खाते, टेप चुरगळते तीही कडेलाच. सातांपैकी तीन कॅसेटींत नवरी स्वच्छ दिसत होती आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. त्या तीन मी बाजूला ठेवल्या. त्यांत ती असेलही.

उरलेल्यांत ती होती, पण उशी तोंडावर धरून कुणी बोलावं तशी. दोन दिवस मला वाटलं की टेपच गेली. मग जुनी गोष्ट आठवली. आवाज वाचणारं हेड टेपशी अगदी काटकोनात असावं लागतं. माझ्या त्या कॅमेऱ्याचं हेड बहुधा किंचित तिरपं होतं, त्यामुळं त्यावर लिहिलेला आवाज सरळ हेडवर दबका येत होता. तो कॅमेरा तर मी कधीच विकला. तेव्हा उपाय एकच, व्हीसीआरचं हेडही तेवढंच तिरपं करणं. झाकण उघडलं, हेडजवळच्या स्क्रूची मूळ जागा सुईनं खूण करून ठेवली (ही खूण विसरलात तर मग दुसऱ्या सगळ्या कॅसेटी बिघडलेल्या ऐकू येतील), कॅसेट लावली आणि स्क्रू केसभर फिरवला. आणखी दबलं. उलटा फिरवला. बांगड्यांची किणकिण आधी उघडली, कारण बारीक आवाजच आधी मरतो आणि आधी परततो. आणि मग खोलीत तिचा आवाज आला, "अजी, ये लाल बत्ती जल रही ना?"

सून स्वयंपाकघरातून धावत आली. मी स्क्रूवरून हात काढला नव्हता.

आता दुसरा प्रश्न. त्या शेपटांत परक्या घरच्या बायका होत्या, बेपर्दा, हसत-नाचत. बाई शूटिंग करते या भरवशावर त्यांनी दार उघडलं होतं. ती अमानत होती. मी त्या कॅसेटी बघतो आहे हेही मला खटकत होतं, म्हणून सुनेला बसवलं. चेहरा दिसला की ती थांबवायची आणि वेळ लिहून द्यायची. तेवढ्या जागी मी काळा पडदा टाकला आणि नुसता आवाज ठेवला. लॅपटॉपवर मूळ प्रती ठेवल्या नाहीत. ओळखीची दोन घरं निघाली; त्यांच्या कॅसेटी त्यांच्या त्यांच्या हाती दिल्या.

मग चित्रात उरलं काय? एडिटर ज्याला कचरा म्हणतो ते. कॅमेऱ्याच्या एकाच बटणानं रेकॉर्डिंग सुरूही होतं आणि थांबतंही. एकदा उलटं दाबलं गेलं, की हवं ते येत नाही आणि नको ते सगळं येतं. तिचं असं बरेचदा व्हायचं. कॅमेरा हातात लोंबकळत ठेवून ती चालायची, आणि टेपवर शेणानं सारवलेलं अंगण, मंडपातली सतरंजी, तिच्या निळ्या पट्ट्याच्या चपला. चुन्याच्या भिंतीवर हॅलोजनच्या उजेडात तिची सावली, खांद्यावर कॅमेऱ्याचं कुबड. माझा रुमाल, पडदाभर. एक्केचाळीस कॅसेटींतून तिच्या आवाजाची अकरा मिनिटं निघाली.

एक तुकडा मी काढून टाकणार होतो. वडशाचं लग्न. तिनं असंच बटण उलटं दाबून अर्धी बॅटरी संपवली होती, आणि वीज गेलेली. दारातून मी तिला ओरडतो आहे. माझा आवाज इतका कर्कश होता हे मला ठाऊक नव्हतं. बायकांसमोर मी तिला "अक्कल" वगैरे म्हणालो. ती गप्प. तिथंच कापायला मी खूण केली होती. पण हात आवरला, कारण मी निघून गेल्यावरही कॅमेरा चालूच होता. तिनं तो अजूनही बंद केलेला नव्हता! सतरंजी दिसते, चपला दिसतात, आणि ती शेजारच्या बाईला हळूच म्हणते, "मेरे को बोल रहे. मूल की शादी में ख़ुद तीन बार भूले थे, मैं बोली क्या किसी को?" आणि दोघी हसतात. पुष्कळ वेळ हसतात.

हे मी पहिल्यांदा ऐकलं ते तीस वर्षांनी. तिनं खरोखरच कुणाला सांगितलं नव्हतं.

फिल्म नऊ मिनिटांची झाली. गाणं एकही टाकलं नाही. नातीनं ती बकरी ईदला पाहिली, पाय पोटाशी घेऊन. माझं ओरडणं आलं तेव्हा तिनं मान वळवली.

"दादा, तुम्ही दादीला रागावलात?"

"हो."

"मग तुम्ही सॉरी म्हटलं?"

मी म्हटलं, "नाही."

ती काही बोलली नाही. पुढचं हसणं आलं तेव्हा तीही हसली, आणि मग म्हणाली, "परत लावा. चपलांपासून."