पाच प्रकाशमिनिटांचा ताळा

दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून सर्वाधिक अंतरावर, म्हणजे अपसूर्य बिंदूपाशी, पोहोचते. त्याच सुमारास देशभरातील कौटुंबिक व्हॉट्सॲप गटांत एक जुना संदेश नव्याने फिरू लागतो. सूर्य एरवी पाच प्रकाशमिनिटे, म्हणजे ९ कोटी किलोमीटर दूर असतो. आता तो १५ कोटी २० लाख किलोमीटरवर, म्हणजे ६६ टक्के अधिक दूर जाईल. ऑगस्टअखेरपर्यंत थंडी वाढेल, घसा धरेल, अंग दुखेल. सर्वांनी काळजी घ्यावी, असे त्यात म्हटलेले असते.

टपाल खात्यातून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी हा संदेश घरच्या गटात पाठवला, तेव्हा त्यांच्या पत्नीला आठवडाभर खोकला होता. पुण्यात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या नातीने त्यावर तिथेच, सतरा जणांसमोर लिहिले : ‘आबा, वाचल्याशिवाय काहीही पाठवू नका.’ तिचे म्हणणे चूक नव्हते. पण त्यानंतर आबांचा रोजचा ‘सुप्रभात’ही बंद झाला. चुकीच्या माहितीबरोबर घरातले एक माणूसही गटातून गप्प झाले.

पुढच्या जुलैत तोच संदेश आबांनी गटात न टाकता, काही न लिहिता, फक्त तिला पाठवला. तिने फोन केला. आधी आजीचा खोकला कसा आहे ते विचारले आणि मग म्हणाली, “आबा, तुम्ही आयुष्यभर हिशेब तपासलेत. ह्याचा ताळा करून बघू या का?”

प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. आबांनी कागदावर गुणाकार केला : पाच मिनिटांत ९ कोटी. “बरोबर आहे की!” ते म्हणाले. संदेशाची खरी ताकद इथेच होती, कारण पाच प्रकाशमिनिटे आणि ९ कोटी हे आकडे एकमेकांशी जुळत होते. चूक गुणाकारात नसून गृहीतकात होती. ९ कोटींवर पृथ्वी असती, तर ती शुक्राच्याही आत फिरत असती. शुक्रच सूर्यापासून सुमारे १० कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे. सूर्यप्रकाश आपल्याकडे पाच नव्हे, साधारण आठ मिनिटे वीस सेकंदांत पोहोचतो. अपसूर्य बिंदूवरचे १५ कोटी २० लाख हे अंतर खरे आहे, पण जानेवारीतले सर्वांत कमी अंतरही १४ कोटी ७० लाख असते. फरक सुमारे साडेतीन टक्क्यांचा, सूर्यप्रकाशातला सुमारे सात टक्क्यांचा. आणि तो दरवर्षीचाच.

“मग जानेवारीत सूर्य जवळ असतो, तेव्हाच आपल्याकडे थंडी कशी?” आबांनी विचारले. ऋतू अंतरामुळे नव्हे, पृथ्वीचा अक्ष कलल्यामुळे होतात, हे उत्तर मग त्यांच्याच प्रश्नातून निघाले.

असे संदेश ज्येष्ठांकडून अधिक का पसरतात? अमेरिकेतील २०१६ च्या निवडणुकीच्या काळातील फेसबुक वापराचा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आला. बहुतेकांनी खोट्या बातम्या पाठवल्याच नव्हत्या. पण पासष्टीपुढील लोकांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट पाठवल्या होत्या. तो अभ्यास राजकीय बातम्यांचा आणि दुसऱ्या देशातला. आबांचे कारण त्यात सापडणार नाही. त्यांना संदेश मिळाला तो ओळखीच्या माणसाकडून, तोही दोनतीनदा, आणि पुन्हापुन्हा ऐकलेले अधिक खरे वाटते, हे मानसशास्त्रात १९७७ पासून ठाऊक आहे. शिवाय शेवटी ‘काळजी घ्या’ होते. आबांनी पुढे पाठवली ती खगोलशास्त्राची बातमी नव्हे, आजीच्या खोकल्याची धास्ती.

गटात उघड दुरुस्ती करूच नये, असे मात्र नाही. सुमित्रा बद्रिनाथन आणि सिमॉन शोशार यांनी भारतात व्हॉट्सॲप-संवादाचे नमुने दाखवून प्रयोग केला. गटातील कुणी साधे ‘हे खरे वाटत नाही’ एवढे म्हटले, तरी वाचणाऱ्यांचा खोट्या दाव्यावरील विश्वास कमी झाला. भक्कम स्रोत जोडल्याने त्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे गप्प राहण्याची किंमत इतर सोळा जण मोजतात. दुरुस्ती हवीच, फक्त तिचा रोख दाव्यावर असावा, माणसावर नसावा.

त्या संध्याकाळी गटात नातीने नव्हे, आबांनी लिहिले : ‘अपसूर्याचा संदेश कुणाला आला असेल तर थांबा. ९ कोटींचा आकडा चुकीचा आहे. मी ताळा केला आहे. घसा दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.’ खाली कागदाचा फोटो होता.

महिन्याभराने त्यांनी नातीला आणखी एक संदेश पाठवला. त्यावर दुहेरी बाण होता. म्हणजे मूळ लेखकापासून तो किमान पाच हातांतून आलेला. खाली आबांनी विचारले होते : ‘ह्याचा ताळा कसा करायचा?’ तो एका औषधाविषयी होता. त्याचा ताळा गुणाकाराने होणार नव्हता. नातीने लिहिले : ‘मला माहीत नाही, आबा. तुमच्या डॉक्टरांना विचारू या.’ दुसऱ्या दिवशी सकाळी गटात ‘सुप्रभात’ आले.