एका सावलीच्या दोन तारखा

सावली तारीख सांगते, पण एक नाही, दोन सांगते. सूर्य ज्या वाटेने दक्षिणेकडे सरकतो त्याच वाटेने परत फिरतो. त्यामुळे विजेच्या खांबाची जी सावली पाच नोव्हेंबरच्या सकाळी पडते, जवळजवळ तशीच पाच फेब्रुवारीच्या सकाळीही पडते. व्हिडिओ कुठे आणि कधी काढला हे शोधणं हे माझं काम. त्यात सगळ्यात जास्त वेळ जातो तो या दोनातली खरी तारीख कोणती हे ठरवण्यात. तिथे आभाळाचा फारसा उपयोग नसतो, जमिनीकडेच बघावं लागतं.

फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात एक क्लिप माझ्याकडे आली. जेमतेम वीस सेकंदांची. खाली लिहिलेलं, ‘लिंबागणेश शिवार, आज सकाळी सात वाजता बिबट्या. सावध रहा.’ तुरीच्या कडेने काहीतरी पिवळसर जनावर जातं, मोबाइल धरणाऱ्याचा हात थरथरतो, आणि जनावर पिकात शिरतं. पाठवणाऱ्याने विचारलं होतं, “भाऊ, हे आपल्याकडचंच आहे का? लोक रात्री पाणी द्यायला जायला तयार नाहीत.”

हा प्रश्न हलका नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली होती, आणि त्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात एका बिबट्याला गोळी घालावी लागली. तेव्हापासून बीड जिल्ह्यात अशी क्लिप फिरली की शिवार सुनं पडतं. रब्बीची लाइट बहुतेक रात्रीचीच असते, आणि ज्वारीचं पाणी चुकलं की हाताशी आलेलं कणीस भरत नाही.

वेळेचा दावा पाहिल्याबरोबर पडला. लिंबागणेशला फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य सातच्या सुमारास जेमतेम उगवतो. त्या घटकेला सावली पडलीच तर ती शेतभर लांब असते. क्लिपमध्ये खांबाची सावली आखूड, काळीभोर होती. पण वेळ खोटी म्हणून क्लिप खोटी, असं होत नाही. पुढे ढकलणारे लोक मनानेच वेळ घालतात.

आधी ठिकाण. पहिल्या सेकंदाला एका भिंतीवरचा रंगवलेला बोर्ड ओझरता दिसतो आणि त्यातला ‘...गणेश’ एवढाच भाग वाचता येतो. खाली ‘लिंबागणेश’ लिहिलेलं असल्यामुळे डोळा लगेच तेच वाचतो. पण गणेश कृषी सेवा केंद्र कोणत्या तालुक्यात नाही? अर्धा बोर्ड हा पुरावा नसतो, तो फक्त शोधायला एक जागा देतो. वाहनाच्या नंबराचंही असंच. एमएच-२३ म्हणजे बीड हे खरं, पण ऊसतोडीच्या हंगामात एमएच-२३ च्या गाड्या सांगली-कोल्हापुरातही सर्रास दिसतात. गावांच्या नावांची पाटी असती तर थोडी मदत झाली असती. पाटीवर ‘अहिल्यानगर’ सरकारी अक्षरांत असेल तर क्लिप जुनी नसणार असं म्हणता येतं, कारण ते नाव २०२४ मध्येच लागू झालं. उलटं मात्र चालत नाही. ‘अहमदनगर’ लिहिलेली पाटी नाव बदलल्यावरही वर्षानुवर्षं उभी राहते. नवी खूण तारखेला खालून बांध घालते, जुनी खूण वरून घालत नाही.

ठिकाण शेवटी पक्कं केलं पवनचक्क्यांनी. बालाघाटाच्या माथ्यावर त्या आता जागोजाग उभ्या आहेत, आणि आमच्या कामाला त्यांच्याइतकी चांगली खूण नाही. उंच असतात, लांबून दिसतात, आणि उपग्रहाच्या चित्रात बुंध्यापासून निघालेल्या सावलीसकट स्पष्ट ओळखू येतात. क्लिपमध्ये एका क्षणी दोन पवनचक्क्या बरोबर एकामागे एक येतात. नकाशावर त्या दोघींतून सरळ रेघ ओढून पुढे वाढवली की मोबाइल धरणारा त्या रेघेवरच कुठेतरी उभा असला पाहिजे. मांजरसुंबा-पाटोदा रस्त्याच्या आजूबाजूच्या चक्क्यांच्या अशा जोड्या धरून रेघा ओढत गेलो. बहुतेक रेघा माळावर किंवा दरीत उतरल्या. एक रेघ लिंबागणेशच्या शिवारात एका पत्र्याच्या शेडजवळून गेली. शेडच्या बाजूला क्लिपमधल्यासारखंच चौकोनी शेततळं होतं, बांध होता, बांध आणि गाडीवाट मिळतात तिथे खांब होता. शेडच्या छपराला एका कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा पत्रा लावलेला, तोही जुळला. म्हणजे खाली लिहिलेलं गाव खरं होतं.

गाव खरं निघालं की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि बाकीचंही खरं धरून चालतात. माझ्या मते जास्तीत जास्त फसवणूक इथेच होते.

आता सावली. सिमेंटचा खांब आठ मीटरचा असतो आणि त्यातला साधारण दीड मीटर जमिनीत जातो, म्हणजे वर साडेसहा मीटर. क्लिपमध्ये त्याच्या सावलीचं टोक शेडच्या कोपऱ्याला टेकलेलं होतं. हे भाग्यच, कारण व्हिडिओत लांबी मोजता येत नाही. जवळचं मोठं आणि लांबचं छोटं दिसतं. पण खांबाचा बुडखा आणि शेडचा कोपरा हे दोन्ही बिंदू उपग्रहाच्या चित्रात सापडले की अंतर तिथे मोजता येतं. ते साडेनऊ ते दहा मीटर भरलं. जमीन तिथे सपाट होती, हेही पाहून घेतलं. उतारावर सावली लांबते किंवा आखडते आणि सगळा हिशेब बिघडतो. सावली खांबाच्या दीडपट, म्हणजे सूर्य क्षितिजापासून सुमारे ३४ अंश वर.

दिशा बांधावरून मिळाली. बांध नकाशावर पूर्व-पश्चिम होता आणि सावली त्याला साधारण ३५ अंशांचा कोन करून वायव्येकडे गेलेली. सूर्याची उंची, सूर्याची दिशा आणि गावाचा अक्षांश, जो तिथे १९ अंशांच्या जरासा खाली आहे, एवढ्या तीन गोष्टी हातात आल्या की सूर्य त्या दिवशी विषुववृत्ताच्या किती दक्षिणेला होता ते निघतं. निघाले सुमारे १६ अंश. सूर्य तिथे वर्षातून दोनदा असतो: नोव्हेंबरच्या पाच तारखेच्या आसपास आणि फेब्रुवारीच्या पाच तारखेच्या आसपास.

‘आसपास’ हा शब्द इथे तोलून वापरला आहे. कोन मोजताना पाच अंशांची चूक सहज होते, आणि तेवढी चूक झाली तर तारीख दहा ते चौदा दिवस सरकते. म्हणून कागदावर मी २५ ऑक्टोबर ते १९ नोव्हेंबर, किंवा २४ जानेवारी ते १६ फेब्रुवारी, असंच लिहिलं. एकच तारीख छातीठोकपणे सांगणाऱ्यावर या कामात विश्वास ठेवू नये.

या दोन तारखांत एक बारीक फरक आभाळातही असतो. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे आणि लिंबागणेश त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून तिथे सूर्य माथ्यावर यायला सरासरी २८ मिनिटं उशीर होतो. त्यात पृथ्वीच्या फिरण्याची लकब मिसळते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीत १४ मिनिटं मागे. त्यामुळे ही दीडपट सावली नोव्हेंबरात सकाळी सव्वानऊच्या सुमारास पडते, तर फेब्रुवारीत पावणेदहाच्या. क्लिपमध्ये कुठे घड्याळ असतं, सीसीटीव्हीची वेळ असती, तर या अर्ध्या तासावरून निकाल लागला असता. तसं काहीच नव्हतं.

म्हणून पिकाकडे वळलो. जनावर ज्या तुरीत शिरलं ती फुलावर होती, पिवळीधमक. पलीकडच्या पट्टीत ज्वारी गुडघ्याएवढी. शेडजवळ ताडपत्रीने झाकलेली सोयाबीनची गंजी. बांधावरच्या सीताफळीला अजून पानं. फेब्रुवारीत यातलं काहीच असं नसतं. तेव्हा तूर काढून खुंट उरलेले असतात, ज्वारी कणसात असते, हुरडा सरत आलेला असतो, सीताफळी उघड्या पडतात. एका पिकावर विसंबून मी कधी सांगत नाही, कारण पाऊस लांबला तर पेरणी लांबते आणि विहिरीला पाणी असलेल्याचं रान वेगळंच वागतं. पण चार गोष्टी चार बाजूंनी एकच महिना सांगत असतील तर तो महिना धरावा.

उरलं वर्ष. माळावरचं गवत कमरेएवढं आणि नुकतंच पिवळं पडू लागलेलं होतं. २०२३ च्या पावसाने दगा दिला होता, त्या नोव्हेंबरात असं गवत मला पटेना. पण हा अंदाजच. खात्री दिली शेततळ्याने. क्लिपमध्ये त्याच्या काठाचा मुरूम ताजा, पांढरट आहे आणि आत कागद नाही. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात आणि साधारण दर पाच दिवसांनी नवं येतं, पण त्यातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटरचा असतो. तीस बाय तीसचं तळं म्हणजे जेमतेम नऊ ठिपके. तरी ते पुरले. मे २०२२ मध्ये त्या जागी पांढरा चौकोन उगवतो. पावसाळ्यात ढगांनी बहुतेक चित्रं वाया गेलेली. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीला चौकोन काळा पडतो.

तळ्याच्या मालकाचा नंबर गावातून मिळवला. “आप्पा, तळ्यात कागद कधी टाकला?”

“सोयाबीन इकून पैसं आलं तवा. दिवाळी झाल्यावर. का हो?”

२०२२ ची दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात होती. काळा चौकोन आणि आप्पांचं सांगणं जुळलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तळं नव्हतं, फेब्रुवारी २०२३ मध्ये कागद होता. सावलीने दिलेली दुसरी तारीख इथे उपग्रहानेही खोडली.

याच कामाचं मोठ्या मापाचं उदाहरण म्हणजे बीबीसीच्या आफ्रिका आय पथकाने २०१८ मध्ये केलेला तपास. कॅमेरूनमध्ये सैनिक दोन बायका आणि दोन लेकरांना गोळ्या घालतात, असा व्हिडिओ पसरला होता आणि सरकार आधी नाकारत होतं. त्यांनी डोंगररांगेच्या आकारावरून झेलेवेत गावाजवळची जागा शोधली, उपग्रह-चित्रांतल्या घरांवरून आणि फक्त कोरड्या ऋतूत उमटणाऱ्या पायवाटेवरून काळ आवळत आणला, आणि सैनिकांच्या सावल्यांवरून २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ एवढ्यावर आणून ठेवला. तिथेही शेवटी एक तारीख नाही, एक पट्टाच आहे.

आपल्या भागात सावली वाचताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत बीडमध्ये भर दुपारची सावली दक्षिणेला पडते, कारण सूर्य आपल्या उत्तरेला गेलेला असतो. कर्कवृत्ताच्या वर, कराचीत किंवा दिल्लीत, असं कधीच होत नाही. उत्तरेकडच्या उदाहरणांवर हात बसलेला माणूस आपल्याकडची जूनमधली क्लिप घेतो, दुपारची सावली उत्तरेलाच असणार असं धरतो आणि सगळं ठिकाण अर्धा फेरा उलटं फिरवून शोधत बसतो.

कराचीचं नाव काढलं की रायनपाडा आठवतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या त्या गावी मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भटक्या माणसांना ठार मारलं. त्या वर्षी देशभर जी क्लिप मुलं चोरणाऱ्यांची म्हणून फिरत होती, ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेल्या फितीतून कापलेली होती. मूळ फितीत मोटारसायकलवाले मूल परत आणून सोडतात आणि फलक धरून उभे राहतात. तेवढा शेवटच काढून टाकलेला.

लिंबागणेशच्या क्लिपवर मी उत्तर पाठवलं ते असं: ठिकाण बरोबर आहे. वेळ सकाळी सव्वानऊच्या आसपास. काळ ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, २०२२. ही क्लिप आजची नाही. जनावर बिबट्या आहे की तरस, हे या चित्रावरून मला सांगता येत नाही, ते वनखात्याच्या माणसाला दाखवा. आणि आत्ता शिवारात बिबट्या आहे की नाही, याबद्दल ही क्लिप काहीच सांगत नाही. त्यासाठी ओल्या वाफ्यात ठसे बघावे लागतील.