बोअरिंगचे पाणी कोठे गेले?

गतवर्षी एप्रिल महिन्यात आमच्या आठवीच्या वर्गातील एक विद्यार्थिनी सतत चार दिवस पहिल्या तासाला उशिरा आली. पाचव्या दिवशी आम्ही थोड्या कठोर स्वरात कारण विचारले, तेव्हा ती मान खाली घालून म्हणाली, “बोअरिंगार होतंय, सर.” घरून निघण्यापूर्वी तीन हंडे भरून ठेवण्याचे काम तिच्याकडे होते. पूर्वी ज्या कामाला पाव तास लागे, त्याला आता पाऊण तास लागू लागला होता. तिचे दोन्ही तळवे सोलवटलेले पाहून आमच्या तोंडून पुढचा शब्द निघाला नाही.

त्याच सायंकाळी आम्ही तिच्या वाडीस गेलो. मालवणपासून फार दूर नसलेली, जांभ्या दगडाच्या सड्याखाली वसलेली ही चाळीस-पन्नास घरांची वस्ती आहे. पंपाजवळ बसलेल्या एका आजीबाईंनी आमचे स्वागत तक्रारीनेच केले. “मास्तरांनू, पाणी कमी झाला, आणि दांडो मात्र जड झालो!” आम्ही पदवीधर असल्याने आमच्याजवळ उत्तर तयारच होते. उन्हाळ्यात भूजल खाली जाते, पाणी अधिक खोलीवरून ओढावे लागते, म्हणून ते कमी येते व श्रम वाढतात, असे आम्ही त्यांस समजावून सांगितले. वाडीतील काही मंडळी तर हे बोअरिंग आटले असे धरून दुसरे खोदण्यासाठी वर्गणीची भाषा बोलू लागली होती. आमच्या व्याख्यानाने त्यांस अधिकच जोर आला, हे येथे कबूल केलेच पाहिजे. आमच्या उत्तरापैकी अर्धेच खरे होते, हे पुढे कळले.

खरा भाग कोणता, तो प्रथम सांगतो. या पंपाचे नळकांडे, म्हणजे सिलिंडर, जमिनीत खोल पाइपांच्या टोकाशी बसविलेले असते. त्याचा आतील व्यास साडेत्रेसष्ट मिलिमीटर असतो. त्यात दट्ट्या खालीवर होतो आणि वरच्या दांड्याशी तो सळया व साखळी यांनी जोडलेला असतो. दट्ट्या वर येताना विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून तोटीपर्यंतच्या पाण्याचा भार त्याच्यावर पडतो. पावसाळ्यात पातळी 8 मीटरवर असली तर हा भार सुमारे 25 किलो होतो. मे महिन्यात ती 20 मीटरवर उतरली की तोच भार 63 किलोंच्या घरात जातो. त्यात सळयांचे वजन मिळवावे आणि दांड्याच्या तरफेमुळे एकूण भार आठपट हलका होतो हेही ध्यानात घ्यावे. म्हणजे उन्हाळ्यात दांडा जड लागतो ही आजीबाईंची तक्रार काल्पनिक नव्हती. परंतु भार वाढला म्हणून एका झटक्यात येणारे पाणी कमी होण्याचे कारण नाही. नळकांड्याची रुंदी तीच, दट्ट्याची चाल तीच, सव्वाशे मिलिमीटर. तेवढ्या जागेत सुमारे 0.4 लिटर पाणी मावते. चाळीस झटक्यांत जवळजवळ 16 लिटर पाणी यावयास हवे, मग ते आठ मीटरांवरून येवो की वीस मीटरांवरून.

हा हिशेब रात्री वहीत मांडताना आमचे आम्हालाच लाजल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आठवीची चार मुले, खुणा केलेली एक बादली आणि एक घड्याळ घेऊन आम्ही पुन्हा पंपावर गेलो. एका धट्ट्याकट्ट्या मुलाने मिनिटात चाळीस पूर्ण झटके मारले. पाणी भरले 9 लिटर. नंतर त्यालाच मिनिटात फक्त वीस, अगदी संथ पण पूर्ण झटके मारावयास सांगितले. मुलांचा तर्क असा की, निम्मे झटके म्हणून साडेचार लिटर येतील. प्रत्यक्षात बादलीच्या तळाशी लिटरभरच पाणी जमले!

या दोन आकड्यांतच रोगाचे निदान होते. बोअरिंग आटत असते तर उलट घडले असते. आटत्या बोअरिंगवर घाईने दांडा मारला तर थोड्या वेळात पाणी तुटते व हवा येते. सावकाश मारला तर पातळी सावरते आणि प्रत्येक झटक्यास पुरेसे पाणी मिळते. आमच्या पंपाला मात्र सावकाशपणाच मानवत नव्हता. याचा अर्थ, वर उचललेले पाणी कोठून तरी परत गळत होते आणि ती गळती झटक्यांच्या नव्हे, तर वेळेच्या हिशेबाने चालली होती. मिनिटाला 16 लिटर उचलून 9 हाती लागले, म्हणजे 7 गळाले. वीस झटक्यांनी 8 उचलले, त्यातूनही तेच 7 गेले, उरला एक.

आता त्या मुलीच्या सोललेल्या हातांचे गणित पाहा. पंधरा लिटरांचा हंडा चांगल्या पंपावर 38 झटक्यांत भरतो. या पंपावर मिनिटास चाळीसच्या गतीने दांडा मारणाऱ्या जवान गड्याला तोच भरण्यास 67 झटके लागत. तेरा वर्षांच्या मुलीकडून मिनिटास तीसच झटके होत असतील, तर तिने उचललेल्या 12 लिटरांतील 7 गळून 5 उरत आणि हंड्यामागे सुमारे 90 झटके पडत. शिवाय गळक्या दट्ट्यावर भार काही कमी पडत नाही. पाण्याचा स्तंभ त्याच्या डोक्यावर तसाच उभा असतो, फक्त त्यातील काही भाग कडेने खाली निसटत असतो. प्रत्येक झटक्याचे श्रम पूर्ण व पाणी अर्धेमुर्धे असे होते. दांडा जड झाला असे वाटण्याचे दुसरे कारण हे, आणि ते उन्हाळ्यावर ढकलता येत नाही.

गळती कोठे आहे, हे पंप न उघडताही बरेचसे कळते. आत दोन झडपा असतात. एक दट्ट्यातच बसविलेली, आणि दुसरी नळकांड्याच्या तळाशी. दट्ट्याच्या भोवती वाटीच्या आकाराचे दोन वॉशर असतात, त्यांचे ओठ नळकांड्याच्या पितळी अस्तरास चिकटून पाणी अडवितात. आम्ही पहाटे, कोणी पंपास हात लावण्यापूर्वी, दांडा मारून पाहिला. पहिल्याच झटक्याला पाणी तोटीशी आले. रात्रभर पाइप भरलेलाच राहिला होता. तळची झडप धड होती आणि पाइपांना छिद्र नव्हते, हे यावरून ठरले. पाइप फुटका असता तर पाणी छिद्रापर्यंत उतरले असते, आणि तोटीशी येण्यापूर्वी कित्येक झटके कोरडे गेले असते. साधारण दर झटक्यास हातभर पाइप भरतो, त्यावरून छिद्र किती खाली आहे याचाही अंदाज बांधता येतो. आमच्या पंपाचा चोर दट्ट्यापाशीच होता.

वर्गणीची भाषा थांबली आणि पंप उपसण्याचे ठरले. हे सोपे काम नव्हे. या जातीच्या पंपात दट्ट्या बाहेर काढावयाचा तर तीन-तीन मीटरांचे सर्व पाइप चिमट्यात धरून एकेक करून वर ओढावे लागतात. आमच्याकडे ते दहा होते. मिस्त्री व सहा माणसे सकाळपासून दुपारपर्यंत खपली. (१९८० च्या दशकात कोईमतूरकडे चाचण्या होऊन जो सुधारलेला पंप निघाला, त्यात पाइप रुंद असल्याने दट्ट्या सळयांबरोबर पाइपातूनच वर येतो. चामड्याच्या जागी रबरी वॉशर घालण्याचा गुणही त्याच चाचण्यांत सिद्ध झाला. आणि या साऱ्या घराण्याचे मूळ आपल्याच महाराष्ट्रात, जालन्याच्या स्कॉटिश मिशनमध्ये व सोलापुरात तयार झालेल्या पंपांत आहे, हे मुलांना सांगताना आम्हास थोडा अभिमान वाटला.)

नळकांडे उघडले तेव्हा वॉशरांचे ओठ एका बाजूने झिजून कागदासारखे झालेले दिसले. अस्तरावर उभ्या रेघा होत्या. नख फिरविले तर अडकत होते. तळाशी तांबूस गाळ व गंजाच्या खपल्या होत्या. जांभ्यातील पाणी किंचित आंबट असते, ते लोखंडी पाइपांवरील जस्ताचा मुलामा खाते, मग गंज सुटून दट्ट्यावर पडतो. शिवाय नळकांडे बोअरिंगच्या तळाच्या फार जवळ उतरविलेले असल्याने ते गाळही ओढीत होते. वॉशर व पितळ यांच्यामध्ये सापडलेला रेतीचा कण काय करीत असेल, हे काचेवर वाळू घासून पाहणाऱ्यास सांगावयास नको.

येथे आम्ही दुसरी चूक केली. नवे नळकांडे महाग पडेल म्हणून फक्त वॉशर बदलून काम भागवावे, या मताला आम्हीही रुकार दिला. बाजारातून आणलेले वॉशर अंगाने थोडे जाड होते. पंप बसविताच चाळीस झटक्यांस 15 लिटर पाणी आले आणि सर्वांनी टाळ्या वाजविल्या. पण दांडा मात्र पूर्वीपेक्षाही घट्ट झाला! या पंपात दट्ट्या खाली ढकलला जात नाही, तो सळयांच्या वजनाने आपोआप उतरतो. वॉशर घट्ट असल्याने तो सावकाश उतरू लागला, आणि दांडा उचलताच साखळी सैल पडून दुमडे व पुढच्या झटक्याला हिसका बसे. मिस्त्री म्हणाले, घासून सैल होईल. झालेही तसे, परंतु भलत्याच रीतीने. त्या रेघांनी नव्या वॉशरांचे ओठ कुरतडले. जुलैअखेर मोजले तेव्हा 11 लिटर भरले.

ऑक्टोबरात पंप पुन्हा उपसला. या वेळी नळकांडेच नवे घेतले, वॉशर घालण्यापूर्वी मापाने तपासले, गंजलेले दोन पाइप बदलले, आणि एक पाइप कमी करून नळकांडे तळापासून तीन मीटर वर घेतले. उन्हाळ्यात पाणी विसाव्या मीटरला असते आणि नळकांडे आता सत्ताविसाव्यास आहे, म्हणून ते उघडे पडण्याचे भय नाही. खर्च नव्या बोअरिंगच्या वर्गणीच्या मानाने अगदीच थोडा आला.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आठवीतील दोन मुले बादली व घड्याळ घेऊन त्या पंपावर जातात आणि चाळीस व वीस, असे दोन्ही आकडे वहीत लिहितात. त्यातला वीसाचा आकडा अधिक बोलका आहे. झीज सुरू झाली की आधी तोच ढासळतो. यंदाच्या मे महिन्यात चाळीस झटक्यांस साडेपंधरा व वीस झटक्यांस साडेसात लिटर अशी नोंद आहे. तिच्याखाली, आता नववीत गेलेल्या आमच्या त्या विद्यार्थिनीने आपल्या हाताने लिहिले आहे : “एक हंडा, एकोणचाळीस.”