लोभ असावा

सोमवारच्या वर्तमानपत्रातील निधनवार्तांच्या रकान्यात मंदाच्या आईचे नाव होते. वय ८९, राहणार मेहकर, पश्चात एक मुलगी, नातवंडे. तेरवीचा दिवसही खाली दिलेला. सुमनताईंनी ती सहा ओळींची बातमी दोनदा वाचली आणि दुपारी खामगावच्या आपल्या घरात, सासऱ्यांच्या वेळेपासूनच्या उतरत्या फळीच्या मेजावर, कागद घेऊन त्या पत्र लिहायला बसल्या.

सांत्वनाचे पत्र लिहिणे त्यांना नवे नव्हते. सासऱ्यांची कापसाची अडत होती आणि पेढीवर येणाऱ्या प्रत्येक दुःखद वार्तेला उत्तर जात असे. मुनीमजींचा मजकूर ठरलेला होता. वार्ता कळून अत्यंत खेद झाला, होणाऱ्यापुढे कोणाचे चालत नाही, आपण सुज्ञ आहात, धीर धरावा. मातोश्रींच्या जागी पिताश्री किंवा बंधू एवढाच काय तो बदल. अशा पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ घालायचा नाही, कोपऱ्याला हळद-कुंकू लावायचे नाही, घरच्या आनंदाची दुसरी कोणतीही बातमी त्यात घालायची नाही, हे सुमनताई पेढीवरच शिकल्या होत्या. पुढे मुनीमजींची दृष्टी अधू झाली तेव्हा ही पत्रे त्याच लिहीत.

त्यामुळे पहिला खर्डा पाच मिनिटांत झाला. त्यात एकही चूक नव्हती. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि मग लक्षात आले की हे पत्र ज्या बाईविषयी आहे ती कोणाचीही आई असू शकते. त्यांनी कागद फाडला.

मंदाची आई कोणाचीही आई नव्हती. मेहकरला पैनगंगेकडे उतरणाऱ्या गल्लीत दोन घरे समोरासमोर होती, एक सुमनचे, एक मंदाचे. शाळा एक, बाक एक. गावाबाहेरच्या टेकडीवर कंचनीच्या महालाचे पडके अवशेष आहेत. त्याच्या माथ्यावरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसावा अशी त्या कंचनीची इच्छा होती, असे गावात सांगत. तो दिवा पाहायला अंधार पडेपर्यंत थांबावे, असा मंदाचा दर वेळी हट्ट असे आणि दर वेळी सुमनला निघावे लागे. तिच्या घरी सूर्यास्तानंतर जेवण नव्हते.

मंदाच्या घरी मात्र रात्री आठ-साडेआठला चूल पेटे. काका शेतातून आल्यावर गरम भाकरी, ही त्या घरची रीत. सुमन पहिल्यांदा तिथे अभ्यासाला राहिली त्या दिवशी काकूंनी तिला काही विचारले नाही. त्या समोरच्या घरी जाऊन सुमनच्या आईला विचारून आल्या. त्यानंतर सुमन यायची असली, की दिवस मावळायच्या बऱ्याच आधी त्या घरातून धूर निघू लागे. एक छोटे पातेले त्यांनी वेगळे ठेवले होते. त्यात बिनकांद्याचे, बिनलसणाचे तुरीचे वरण शिजे. पाण्याच्या तांब्यावर धुतलेले पांढरे फडके बांधलेले असे. सुमन आणि मंदा उजेडात जेवत. घरातली बाकीची माणसे नेहमीच्या वेळी जेवत, म्हणजे त्या दिवशी काकू दोनदा चुलीपाशी बसत. दोनदा, हे सुमनताईंच्या लक्षात आले तेव्हा त्यांचे स्वतःचे केस पिकू लागले होते.

हे लिहायला काहीच अडचण नव्हती. अडचण होती ती कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात.

१९७५ साली दोघी शाळेतून एकदमच बाहेर पडल्या. १९७९ मध्ये सुमनचे लग्न होऊन ती खामगावला आली. त्याआधी वर्षभर मंदा जालन्याकडे सासरी गेली होती. पत्रे येत-जात होती, मुलांच्या बारशांपर्यंत नियमित, पुढे सणावारी. १९८८ च्या उन्हाळ्यात एक निळे अंतर्देशीय आले, मेहकरचा शिक्का असलेले. मंदा दोन मुलांना घेऊन कायमची माहेरी आली होती. कारण तिने लिहिले नव्हते. लिहिले होते ते एवढेच की, दोन दिवस तुझ्याकडे यावे असे वाटते, इथे येणारा-जाणारा विचारतो आणि उत्तर आईला द्यावे लागते. कडेच्या दुमडायच्या पट्टीवर, चौथीपर्यंत शिकलेल्या हाताच्या मोठ्या अक्षरांत काकूंची एक ओळ होती : ‘पोरी, तुला नाही जमले तर तूच ये. चूल लवकर पेटवीन.’

सुमनने ते पत्र सासूबाईंना वाचून दाखवले. घरात लग्नाच्या वयाच्या दोन नणंदा होत्या. सासूबाई वाईट बोलल्या नाहीत. ‘तिचं वाईट झालं,’ म्हणाल्या, ‘पण सध्या नको.’ सुमनने वाद घातला नाही. ‘नको’ असे मंदाला कळवायचे धैर्यही तिला झाले नाही. रविवारी लिहू, असे तिने ठरवले. तो रविवार गेला. महिन्यानंतर लिहायचे तर उशिराचे कारण द्यावे लागले असते, वर्षानंतर लिहायचे तर त्याहून मोठे कारण लागले असते. भांडण काहीच नव्हते. पर्युषणानंतर क्षमापनेची छापील पत्रे घरातून दरवर्षी जात, लांबच्या व्यापाऱ्यांनाही जात. मंदाचे घर जैन नसल्यामुळे त्या यादीत तिचे नाव कधीच नव्हते. ही सोयही सुमनताईंच्या ध्यानात उशिराच आली.

दुसरा खर्डा या सगळ्याचा झाला. साडेतीन पाने. १९८८, सासूबाई, नणंदा, मनातली टोचणी, रात्री न येणारी झोप. लिहिताना त्या रडल्या आणि लिहून झाल्यावर त्यांना फार हलके वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचल्यावर मात्र त्यांनीच पाहिले की ‘काकू’ हा शब्द साडेतीन पानांत फक्त दोनदा आला आहे आणि ‘मी’ जवळजवळ प्रत्येक ओळीत. जिची आई गेली तिने हे वाचायचे, आणि वाचून सुमनची समजूत घालायची! सांत्वनाचे पत्र लिहिणाऱ्याने आपले ओझे दुःखी माणसाच्या दारात उतरवून ठेवावे, हा प्रकार नवा नाही. भेटायला येऊन घरच्यांपेक्षा मोठ्याने रडणारी माणसे प्रत्येक गावात असतात आणि घरच्यांनाच उठून त्यांना पाणी द्यावे लागते. तोही कागद फाडला गेला.

मधे चार दिवस गेले. भाच्याने फोन नंबर मिळवून देतो म्हटले. सुमनताई नको म्हणाल्या. पस्तीस वर्षांनी अचानक कानावर आलेल्या आवाजाला त्याच क्षणी काहीतरी उत्तर द्यावे लागते. कागद हवा तेव्हा उघडता येतो आणि नको तर ठेवून देता येतो.

दहाव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी डबा काढला, निळे पत्र समोर ठेवले आणि वर काहीही मायना न घालता लिहिले : ‘तुझे पत्र मिळाले. उत्तराला पस्तीस वर्षे उशीर झाला, त्याला माझ्याकडे कारण नाही.’ एवढ्या दोन वाक्यांत साडेतीन पाने मावली. पुढे लेखणी अडली नाही. काकू आपल्या आईला विचारून आल्या ते त्यांनी लिहिले. छोटे पातेले, तांब्यावरचे फडके, दिवस असताना निघणारा धूर. मंदाला माहीत नसलेली एक गोष्टही लिहिली. लग्न होऊन सुमन खामगावला निघाली त्या दिवशी काकूंनी ते पातेले घासून-पुसून तिच्या ट्रंकेत ठेवले होते. त्याला मधे एकदा कल्हई केली, अजून त्यातच वरण होते. पत्र एका पानात बसले. तळाशी दोन बोटे जागा उरली.

आणि तिथे सगळे थांबले. मराठी पत्र ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ असे संपते. हजारो वेळा लिहून या शब्दांची धार गेलेली असते. ते लिहायला सुमनताईंनी हात टेकवला आणि त्यांना ते प्रथमच वाचता आले. लोभ असावा! कोणाचा, कोणावर? मागायचा अधिकार कोणाला? त्याऐवजी ‘तुझीच’ लिहावे, तर पस्तीस वर्षे ती कोणाची होती? ‘भेटीअंती सविस्तर’ हे तर दुःखाच्या पत्रात लिहीत नाहीत. नुसते नाव घालावे, तर मुनीमजींची पेढी आठवे. त्यांनी चार वेगवेगळ्या चिठोऱ्यांवर चार शेवट लिहून पाहिले. एकही त्या पानाखाली बसेना. दिवा मालवताना पान तसेच मेजावर राहिले.

सकाळी दिवसांचा हिशेब केला. अकरावा दिवस. पोस्टाने पत्र तेरवीपूर्वी पोहोचेल याची खात्री नव्हती आणि तेरवीनंतर मंदा आपल्या गावी परत जाणार. ती पुढे डी. एड. करून शिक्षिका झाली, वाशीमकडे कुठेतरी राहते, एवढेच सुमनताईंना ठाऊक होते. पत्ता माहीत असलेले घर एकच होते. त्यांनी न संपलेले पान पाकिटात घातले, वर मंदाचे नाव आणि गल्लीचे नाव लिहिले आणि चिखलीमार्गे जाणारी एसटी पकडली.

समोरचे आपले माहेरचे घर आता दुसऱ्याचे, दुमजली झाले होते. काकूंचे तसेच होते. ओसरीवर सतरंजी अंथरलेली. सुतकाच्या घरी कोणी ‘या’ म्हणत नाही आणि निघणारा ‘येतो’ म्हणत नाही, त्यामुळे दारातल्या पांढऱ्या केसांच्या बाईने काही न बोलता फक्त बाजूला होऊन वाट दिली. ओळखले की नाही, ते कळले नाही. सुमनताईंनी पाकीट पुढे केले. अक्षर पाहून मंदाचा हात क्षणभर थांबला.

तिने चष्मा लावला आणि उभ्या उभ्या पान वाचले, सावकाश, शिक्षिका वाचते तसे. शेवटी आल्यावर कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

‘पुढे?’ तिने विचारले.

‘झालं नाही अजून. शेवट जमला नाही.’

मंदाने कागदाची घडी घातली आणि ती पाकिटात न ठेवता हातातच धरली. आत चुलीच्या जागी आता गॅसची शेगडी होती. बाहेर ऊन भिंतीवरून खाली उतरू लागले होते. तिने एकदा त्या उन्हाकडे पाहिले.

‘मग बैस,’ ती म्हणाली.