विनंती कुठे आणि हक्क कुठे : उशिरा भरलेल्या क्रेडिट कार्डाच्या बिलाचे पत्र

आमच्या वस्तीत क्रेडिट कार्ड आता नवीन राहिलेले नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत पगार बँकेत जमा होऊ लागला, त्याच्या मागोमाग कार्डाचे फोन आले. कार्ड घेताना सही सोपी असते. बिल चुकले की मात्र शिकलेला तरुणसुद्धा बँकेपुढे हात जोडून पत्र लिहितो. अशी पत्रे तपासून देणे हे गेली काही वर्षे आमच्या कामाचा भाग झाले आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

अंबरनाथच्या एका साथीचे प्रकरण घ्या. त्याने २ ऑगस्टला कार्डावर १२,४०० रुपयांचा फ्रिज घेतला. बिल भरायची शेवटची तारीख ५ सप्टेंबर होती. २ सप्टेंबरला तो डेंग्यूने उल्हासनगरच्या एका रुग्णालयात दाखल झाला, ९ तारखेला घरी आला आणि ११ तारखेला सगळे पैसे भरले. पुढच्या बिलात विलंब शुल्क ७५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १३५, म्हणजे ८८५ रुपये लागले. ते त्याला दिसले. त्याखालची व्याजाची ओळ त्याने वाचलीच नव्हती. पूर्ण रक्कम वेळेत न भरल्याने बिनव्याजी मुदत गेली आणि खरेदीच्या दिवसापासून ४० दिवसांचे व्याज लागले. महिना साडेतीन टक्के दराने ते सुमारे ५७१ रुपये, वर जीएसटी १०३. विलंब शुल्क माफ झाले म्हणून व्याज आपोआप माफ होत नाही. ते वेगळे मागावे लागते.

त्याने लिहून आणलेल्या पत्रात दीड पान आजारपण होते आणि शेवटी ‘मला माफ करावे’. बिलाची तारीख, रक्कम, भरणा, काहीच नव्हते. आम्ही म्हणालो, अरे, शुल्क माफ करायचे आहे, तुला नाही. मग हे पत्र तयार झाले :

‘विषय : विलंब शुल्क व व्याज माफ करण्याबाबत. कार्डाचे शेवटचे चार अंक ….
५ सप्टेंबर रोजी देय असलेले १२,४०० रुपये मी ११ सप्टेंबर रोजी पूर्ण भरले आहेत. २ ते ९ सप्टेंबर मी रुग्णालयात दाखल होतो. यापूर्वीच्या वर्षभरात माझा एकही हप्ता चुकलेला नाही. तरी विलंब शुल्क ७५० रुपये, खरेदीवरील व्याज ५७१ रुपये व दोन्हींवरील जीएसटी परत जमा करावा. दाखल व डिस्चार्जच्या तारखांचा कागद आणि भरण्याची पावती जोडली आहे. तक्रार क्रमांक व लेखी उत्तर मिळावे.’

एवढेच. सोबत पूर्ण फाइल देऊ नये. बँकेला तारखा हव्यात, आजार नको. टीबी असो की मानसिक उपचार, निदानाची ओळ झाकूनच प्रत द्यावी. पूर्ण कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही, ओटीपी पत्रात कधीच नको.

बँकेने ८८५ रुपये परत केले, व्याज ठेवले. साथीला लोकपालाकडे जायचे होते. आम्ही अडवले, आणि त्याचे कारण नीट समजून घ्यावे. शुल्क माफ करायचे की नाही, हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो, आणि रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत अशा निर्णयाविरुद्धची तक्रार घेतली जात नाही. त्याने व्याजासाठी आणखी एक पत्र दिले, उत्तर नकाराचे आले, तिथे विषय थांबला.

पण प्रत्येक प्रकरण असे नसते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकले तरच विलंब शुल्क लावता येते आणि तरच सिबिलसारख्या संस्थेकडे थकबाकी कळवता येते. शुल्कही उरलेल्या रकमेवरच, पूर्ण बिलावर नाही. आमचा साथी सहाव्या दिवशी भरत होता, म्हणून त्याला विनंती करावी लागली.

बदलापूरच्या एका ताईंचीही देय तारीख ५ होती, त्याही रुग्णालयात होत्या, पण मुलाने ८ तारखेला पूर्ण बिल भरले होते. तरी ५०० रुपये आणि जीएसटी ९० लागला. त्यांच्या पत्रात आम्ही आजारपणाचा शब्दही ठेवला नाही. देय तारीख, भरण्याची तारीख, व्यवहाराचा क्रमांक, तीन दिवसांचा नियम, आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास cms.rbi.org.in वर तक्रार करू, एवढ्या पाच ओळी. इथे लोकपालाचा दरवाजा उघडा होता, कारण प्रश्न बँकेच्या मर्जीचा नव्हता, नियम मोडल्याचा होता. त्या ‘दया करावी’ असे घालू या म्हणत होत्या. आम्ही घालू दिले नाही. पुढच्या बिलात ५९० रुपये परत जमा झालेले दिसले.